ड्युरेशन सारखंच, मग तोटा आमचाच का?

प्रश्न: आमच्या नागरी सहकारी बँकेच्या एएफएस खात्यात १०० कोटींचे सरकारी रोखे आहेत. ५० कोटी २ वर्षांचे, ५० कोटी ३० वर्षांचे. मॉडिफाइड ड्युरेशन ७.१५. ओळखीच्या दुसऱ्या बँकेचे १०० कोटी १० वर्षांच्या रोख्यात आहेत, त्यांचं ७.११. रेपो दर कमी झाला, छोट्या मुदतीचे दर उतरले, तरी आमचा तोटा आणि त्यांचा थोडा नफा. संचालक विचारतात, हे कसं? रिपोर्टमध्ये ‘की रेट ड्युरेशन’चे चार आकडे आहेत, ते वाचायचे कसे?

उत्तर:

सॉफ्टवेअर बरोबर आहे आणि तुमचं ७.१५ही बरोबर आहे. दर एक टक्का हलला तर किंमत साधारण किती टक्के हलेल, ते हा आकडा सांगतो. फक्त त्याच्या पोटात एक गृहीतक दडलेलं आहे: दर हलले तर सगळ्या मुदतींचे सारखेच हलतील. २ वर्षांचा दर पाव टक्क्याने वाढला तर १० चा आणि ३० चाही पाव टक्क्यानेच वाढेल. तसं झालं असतं तर तुमचा आणि त्यांचा तोटा जवळजवळ एकच आला असता. प्रत्यक्षात कर्व्हचं, म्हणजे मुदतीनुसार दर दाखवणाऱ्या रेषेचं, एक टोक खाली गेलं आणि दुसरं वर आलं. अशा वेळी ड्युरेशन किती आहे यापेक्षा ते कर्व्हवर कुठे बसलंय याला महत्त्व येतं.

तुमच्यासारख्या मांडणीला डीलिंग रूममध्ये बारबेल म्हणतात. मला कावड हा शब्द जास्त पटतो. खांद्यावर भार एका हंड्याएवढाच, पण तो दोन टोकांना लटकलेला. चालणारा सरळ चालला तर फरक कळत नाही. एक टोक उचललं गेलं की कळतो.

आधी एक कबुली. तुमच्या रोख्यांची कूपनं आणि त्या दिवसाचा कर्व्ह मला माहीत नाही, त्यामुळे खालचे आकडे तुमच्या रिपोर्टशी दशांशापर्यंत जुळणार नाहीत. हिशोब सोपा राहावा म्हणून मी सगळीकडे ७ टक्के दर, ७ टक्के सहामाही कूपन आणि रोखे पारला, म्हणजे दर्शनी किमतीला, असं धरलंय. आणि हे सगळं एएफएससाठी, म्हणजे बाजारभावाने मोजल्या जाणाऱ्या खात्यासाठी. हाच रोखा मुदत संपेपर्यंत ठेवायच्या एचटीएम खात्यात असता तर बाजारभावाचा चटका हिशोबात दिसला नसता, जोखीम मात्र तीच राहिली असती.

चार आकडे येतात कुठून

की रेट ड्युरेशनची, म्हणजे केआरडीची, पद्धत थॉमस हो यांनी १९९२ मध्ये मांडली. कर्व्हवर काही ठरावीक मुदती निवडायच्या, त्यांना मी खुंट्या म्हणतो. तुमच्या रिपोर्टमध्ये चार आकडे आहेत, म्हणून मी २, ५, १० आणि ३० वर्षं धरतो. मग त्यातल्या एकाच मुदतीचा दर एका बेसिस पॉइंटने, म्हणजे ०.०१ टक्क्याने, हलवायचा, बाकीचे तीन जागच्या जागी ठेवायचे आणि रोख्याची किंमत पुन्हा काढायची. किंमत किती बदलली, तो त्या मुदतीचा केआरडी.

मधल्या मुदतींचं काय करायचं, यात या पद्धतीची खरी कारागिरी आहे. १० वर्षांचा दर हलवला तर १२ वर्षांचा जागेवर कसा राहील? म्हणून धक्का तंबूच्या आकाराचा देतात. १० वर्षांवर पूर्ण एक, तिथून दोन्ही बाजूंना सरळ रेषेत उतरत ५ वर शून्य आणि ३० वर शून्य. ७ वर्षांच्या पैशावर या तंबूचा ०.४ भाग पडतो आणि उरलेला ०.६ शेजारच्या ५ वर्षांच्या तंबूचा. कुठल्याही मुदतीवर सगळ्या तंबूंची बेरीज एकच येते. म्हणून चारही केआरडींची बेरीज पूर्ण ड्युरेशनएवढी यायला हवी. (साधा रोखा असेल तरच. कॉल ऑप्शनवाला असेल तर बेरीज इफेक्टिव्ह ड्युरेशनशी ताडायची.) रिपोर्ट हातात आला की मी पहिल्यांदा हीच बेरीज करून बघतो. जुळली नाही तर पुढे वाचत नाही.

एक्सेलमध्ये स्वतः करायचं असेल तर:

```
KRD = (P_down - P_up) / (2 * P_0 * 0.0001)
```

`P_up` म्हणजे तो एक तंबू १ बेसिस पॉइंटने वर नेल्यावरची किंमत, `P_down` खाली आणल्यावरची, `P_0` आजची. झिरो दर, म्हणजे त्या त्या मुदतीला येणाऱ्या एकट्या रकमेचा दर, एफबीआयएलच्या कर्व्हवरून घ्या, तो रोज मिळतो.

वरच्या गृहीतकांवर दोन्ही बँकांचे आकडे असे येतात:

| मुदत | तुमची कावड | १० वर्षांचा रोखा |
|---|---|---|
| २ वर्षं | १.१० | ०.३७ |
| ५ वर्षं | ०.५१ | १.०१ |
| १० वर्षं | २.१२ | ५.७३ |
| ३० वर्षं | ३.४३ | ० |

तुमच्याकडे ५ आणि १० वर्षांचा एकही रोखा नाही, तरी तिथे ०.५१ आणि २.१२ कसे आले? ३० वर्षांचा रोखा म्हणजे ३० वर्षांनी येणारी एक रक्कम नव्हे. दर सहा महिन्यांनी येणारी साठ कूपनं आणि शेवटी मुद्दल. पाचव्या, दहाव्या, पंधराव्या वर्षाची कूपनं त्या त्या मुदतीच्या दराने वटवली जातात. नुसता ३० वर्षांचा रोखा घेतला तर त्याच्या १२.४७ ड्युरेशनपैकी ६.८६ एवढंच ३० वर्षांच्या खुंटीवर लटकतं आणि ४.२४ दहाच्या खुंटीवर.

१०० कोटींच्या पोर्टफोलिओत एक सोय फुकट मिळते. १०० कोटींचा एक बेसिस पॉइंट म्हणजे बरोबर १ लाख. म्हणजे वरचे आकडे थेट ‘एका बेसिस पॉइंटला इतके लाख’ असे वाचता येतात. ३० वर्षांचा दर १ बेसिस पॉइंट वाढला की तुमचे ३.४३ लाख गेले. संचालकांना टक्के आणि वर्षं समजावण्यापेक्षा हे लाखांत सांगा.

आता कर्व्ह पिळून बघू

आधी सरळ धक्का. सगळे दर ३० बेसिस पॉइंटने वाढले तर तुमचा तोटा २.१५ कोटी, त्यांचा २.१३ कोटी. फरक २ लाखांच्या आसपास. इथवर ड्युरेशनने शब्द पाळला.

आता पीळ. २ वर्षांचा दर ३० ने खाली, ५ चा १५ ने खाली, १० चा जागेवर, ३० चा ३० ने वर. तुमच्याकडे २ वर्षांच्या खुंटीवर ३३ लाख मिळाले, ५ वर साडेसात लाख, १० वर काही नाही आणि ३० वर १०३ लाख गेले. निव्वळ तोटा ६२ लाख. दुसऱ्या बँकेला २ वर ११ लाख, ५ वर १५ लाख, ३० वर काहीच नव्हतं म्हणून तोटाही नाही. निव्वळ नफा २६ लाख. ड्युरेशन सारखं असलेल्या दोन बँकांत ८८ लाखांचं अंतर पडलं. (कॉन्व्हेक्सिटीमुळे, म्हणजे किंमत आणि दराचं नातं सरळ रेषेत नसून वक्र असल्यामुळे, तुमचे चारेक लाख परत येतील. एवढ्या धक्क्याला ती चित्र बदलत नाही.)

‘दर उतरले तरी तोटा’ याचं उत्तर हेच. उतरलेल्या टोकाला तुमचे १.१० लाख बांधलेले होते आणि चढलेल्या टोकाला ३.४३.

असं बाजारात खरंच घडतं. ६ जून २०२५ ला रिझर्व्ह बँकेने रेपो एकदम ५० बेसिस पॉइंटने कमी करून ५.५० टक्क्यांवर आणला, सीआरआरमध्ये टप्प्याटप्प्याने १ टक्का कपात जाहीर केली, पण त्याच घोषणेत धोरणाचा पवित्रा उदारऐवजी तटस्थ केला. बाजाराने अर्थ लावला की आता आणखी कपातीला फारशी जागा नाही. छोट्या मुदतीला स्वस्त पैशाचा आधार मिळाला, लांबच्या मुदतीचे दर मात्र त्यानंतरच्या आठवड्यांत वर सरकले. उलटा पीळही आपल्याकडे पाहिलाय. २३ डिसेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने १०,००० कोटींचा १० वर्षांचा ६.४५ टक्के २०२९ रोखा विकत घेतला आणि त्याच वेळी २०२० मध्ये मुदत संपणारे रोखे विकले. लोकांनी त्याला लगेच ऑपरेशन ट्विस्ट नाव दिलं. तिथे हेतूच लांबचं टोक खाली दाबण्याचा होता. ३० वर्षांपर्यंत कर्व्ह सपाट होत असेल तर तुमची कावड जिंकते आणि १० वर्षांवाला बघत बसतो. त्यामुळे तुमची मांडणी चूक होती असं मी म्हणणार नाही. पण ती एक पैज होती, आणि ७.१५ या आकड्यात ती दिसत नव्हती.

इथे बहुतेक जण घसरतात

रिपोर्ट वाचायला शिकल्यावर पुढची चूक हमखास होते. तुम्ही सरकारी रोख्यांचे व्यवहार होतात त्या एनडीएस-ओएमच्या पडद्यावर ३० वर्षांच्या रोख्याचं यील्ड ३० ने वाढलेलं बघता, ३० गुणिले ३.४३ करता आणि १०३ लाखांचा तोटा लिहून मोकळे होता. प्रत्यक्षात तोटा जवळजवळ दुप्पट निघतो.

कारण वरच्या तक्त्यातले केआरडी झिरो दरांवरचे आहेत. झिरो दर म्हणजे ३० वर्षांनी येणाऱ्या एकट्या रकमेचा दर. पडद्यावर दिसतं ते पूर्ण रोख्याचं यील्ड, साठही हप्त्यांची मिळून एक प्रकारची सरासरी. वरच्या पिळात झिरो दर ३० ने वाढला तेव्हा ३० वर्षांच्या रोख्याचं यील्ड किती वाढलं असेल? उलट हिशोब करा. १०० कोटींच्या त्या रोख्यावर तोटा येतो १७९ लाख. भागिले १२.४७, म्हणजे यील्डमध्ये साधारण १४ बेसिस पॉइंट. बस्स. १० वर्षांच्या रोख्याचंही बघा. त्याचा झिरो दर हललाच नव्हता, तरी यील्ड जवळजवळ ४ ने उतरलं असतं, कारण त्याची सुरुवातीची कूपनं स्वस्त दराने वटली.

काही सॉफ्टवेअर केआरडी पार यील्डवर काढतात. तिथे पारला असलेल्या ३० वर्षांच्या रोख्याचे सगळे १२.४७ एकाच खुंटीवर जातात, १० वर शून्य. तुमची कावड मग अशी दिसते: २ वर्षांवर ०.९२, ३० वर्षांवर ६.२४, मध्ये काही नाही. बेरीज तीच. यातलं कुठलं बरोबर? दोन्ही. अट एवढीच की धक्का ज्या दरात मोजलाय, केआरडीही त्याच दरातला हवा. पडद्यावर २ वर्षांचं यील्ड ३० ने उतरलं आणि ३० वर्षांचं ३० ने चढलं असेल तर पार केआरडीने तोटा १६० लाख येतो, ६२ नव्हे. झिरोच्या भाषेत तो धक्का बराच मोठा होता: १० वर्षांचं यील्ड जागेवर राहिलं असं धरलं तर ३० वर्षांचा झिरो दर साधारण ५५ ने वर गेलेला असणार.

पारवाल्या रिपोर्टमध्ये कधी उणे केआरडी दिसला तर दचकू नका. लांबच्या मुदतीची स्ट्रिप, म्हणजे कूपन सोलून काढलेलं नुसतं मुद्दल, जवळ असेल तर मधल्या मुदतीवर उणे येतोच. ३० वर्षांचं पार यील्ड स्थिर धरून १० चं वाढवलं की मधली कूपनं स्वस्त होतात. रोखा पारलाच राहायचा तर शेवटच्या मुद्दलाची किंमत वाढावीच लागते. तुमच्याकडे ते मुद्दलच असेल तर तुमचा फायदा होतो.

चार खुंट्या पुरतात का

तुमच्या आजच्या मांडणीला बऱ्यापैकी पुरतात. उद्या १४-१५ वर्षांचे रोखे घेतलेत तर पुरणार नाहीत.

हे मी पैसे घालवून शिकलो. पूर्वी एका ठिकाणी आमच्याकडे १४ वर्षांचे रोखे भरपूर होते आणि रिपोर्टमध्ये १० नंतर थेट ३०. तंबूच्या हिशोबाने १४ व्या वर्षाच्या मुद्दलाचा ०.८ भाग दहावर आणि ०.२ तीसवर जातो. आम्ही तो आकडा खरा मानून १० आणि ३० वर्षांचे आमच्याकडचे रोखे त्या प्रमाणात कमी केले, रिपोर्ट जवळजवळ सपाट दिसायला लागला आणि आम्ही खूश. पुढच्या काही लिलावांत नेमक्या त्या मधल्या पट्ट्यात पुरवठा वाढला. १० जागेवर, ३० जागेवर, १४ मात्र फुगून वर. रिपोर्टनुसार आमचा तोटा शून्य असायला हवा होता. दोन खुंट्यांच्या मध्ये कर्व्ह सरळ रेषेत हलतो हे गृहीतक आम्ही वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

म्हणून खुंट्या जिथे तुमचे पैसे आहेत आणि जिथे बाजारात खरी उलाढाल होते तिथे ठोका. तुमच्याकडे १५ चा रोखा आला तर १५ ची खुंटी वाढवा. उगाच वीस खुंट्या केल्या तर प्रत्येक आकडा बारीक होतो आणि संचालक मंडळात कुणीच तो तक्ता वाचत नाही. शिवाय दोन खुंट्या फार जवळ असतील तर एकीला धक्का देताच फॉरवर्ड दर करवतीच्या दात्यांसारखे वर-खाली होतात. बाजारात असा कर्व्ह कधी दिसत नाही. म्हणून एकट्या केआरडीवर मी कधी भविष्य बांधत नाही, चारही एकत्र धरून एखाद्या संभाव्य पिळाला काय होईल ते बघतो.

पुरेशी खुंटी आहे की नाही याची तपासणी सोपी आहे. गेल्या महिन्यातले रोजचे दरबदल घ्या, त्यांना केआरडीने गुणा आणि आलेला नफा-तोटा प्रत्यक्ष मूल्यांकनातल्या फरकाशी ताडा. एका दिवसाचं व्याज प्रत्यक्ष मूल्यांकनातल्या फरकातून आधी वजा करा, नाहीतर रोज एकाच बाजूला फरक दिसेल. उरलेली तफावत एखाद्या ठरावीक रोख्यातच सतत येत असेल तर तिथे खुंटी कमी आहे, किंवा तो रोखा कमी उलाढालीमुळे कर्व्हपासून वेगळाच चालतोय. दुसरं कारण असेल तर केआरडी काही करू शकत नाही. राज्य सरकारच्या रोख्यांचा केंद्राच्या रोख्यांवरचा फरक रुंदावला तर तोही या तक्त्यात येत नाही.

तुमच्या १०० कोटींचं काय करता येईल

सगळं मोडायची गरज नाही. समजा २ वर्षांचे २० कोटी आणि ३० वर्षांचे २० कोटी विकून १० वर्षांचे ४० कोटी घेतले. ड्युरेशन ७.१५ वरून ७.१४, म्हणजे हललंच नाही. पण ३० वर्षांच्या खुंटीवरचा भार ३.४३ लाखांवरून २.०६ लाखांवर येतो आणि वरच्याच पिळाला तोटा ६२ ऐवजी २७ लाख होतो. त्या बदल्यात कर्व्ह सपाट झाला तर मिळणारा फायदाही तेवढाच आटतो. शिवाय ३० वर्षांचे रोखे आज विकले तर कागदावरचा तोटा प्रत्यक्षात उतरेल, आणि तुमच्या बँकेच्या नफ्याला या तिमाहीत तो झेपतो का हे मी इथून सांगू शकत नाही. झेपत नसेल तर नवीन येणारा पैसा १० वर्षांच्या आसपास लावत हळूहळू त्याच दिशेने जाता येतं. फक्त त्याने एकूण ड्युरेशनही बदलेल, ते वेगळं बघा.

त्याआधी सॉफ्टवेअरवाल्याला एक ओळीचा मेल टाका: तुमचे केआरडी झिरो दरांवरचे आहेत की पार यील्डवरचे? उत्तर यायला वेळ लागला तर तक्त्यातला ३० वर्षांच्या रोख्याचा एकट्याचा उतारा काढा. १० वर्षांच्या रकान्यात चारच्या आसपास आकडा असेल तर झिरो, शून्याजवळ असेल तर पार.